‘मोअर हॉटर’ चूक हे मान्य, पण ‘मच हॉटर’लाही लाल रेघ का?

अनेरकाठ, चोपडा

नमस्कार मंडळी. मी चोपड्याला घरीच आठवी ते दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. नववीतल्या एका मुलीने शाळेच्या चाचणीत ‘आमच्याकडचा उन्हाळा’ या विषयावर उतारा लिहिला होता. तो तपासून आला तेव्हा त्यातल्या पाच वाक्यांखाली लाल रेघ होती आणि पाचही ठिकाणी शेजारी ‘डबल कंपॅरेटिव्ह’ एवढाच शेरा होता. वाक्ये जशीच्या तशी देते.

पहिले: ‘मे इज मोअर हॉटर दॅन एप्रिल.’
दुसरे: ‘भुसावळ इज मच हॉटर दॅन तोरणमाळ.’
तिसरे: ‘भुसावळ इज हॉटर दॅन मोस्ट अदर टाउन्स.’
चौथे: ‘द लाँगर द समर, द मोअर वॉटर द बनानाज नीड.’
पाचवे: ‘वी नीड मोअर बिगर ट्रीज ऑन अवर रोड.’

पहिले वाक्य चुकले आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उरलेल्या चारपैकी निदान तीन तरी मला बरोबर वाटतात, परंतु ‘वाचायला बरे वाटते’ हे उत्तर नववीच्या मुलीला पुरत नाही आणि ते पुरूही नये. शिवाय त्याच उताऱ्यात तिने ‘मोअर वर्स’ असेही लिहिले होते आणि ते मात्र तपासताना कोणाच्या नजरेला आले नाही. ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ कधी चालतात व कधी चालत नाहीत, हे मुलांना नेमके कशावरून ओळखायला शिकवावे?

रावेरकर

ताई, तपासणाऱ्यांचे बरोबर आहे. आम्हाला शाळेत एकच नियम शिकवला होता आणि तो आजवर कामाला आला आहे: लहान शब्द असेल तर शेवटी ‘अर’ लावायचा, लांबलचक शब्द असेल तर आधी ‘मोअर’ लावायचा, आणि एका वाक्यात तुलना एकदाच करायची. ‘हॉटर’मध्ये तुलना होऊन गेली आहे, म्हणून त्याच्या आगेमागे मोअर, मोस्ट, मच, व्हेरी यांपैकी काहीही आले तरी ती दुहेरी तुलनाच झाली. गुड, बेटर, बेस्ट आणि बॅड, वर्स, वर्स्ट हे तर पाठच करायचे असते, त्यात समजावून सांगण्यासारखे काही नाही.

भुसावळचा_गार्ड

तोरणमाळशी तुलना ठीक आहे, पण ‘मोस्ट अदर टाउन्स’ कशाला? मे महिन्यात दुपारच्या वेळी आमच्या फलाटावर उभे राहून बघा. भुसावळपेक्षा जास्त तापणारे गाव मुलीने आधी दाखवावे आणि मगच ‘मोस्ट’ लिहावे. सरळ ‘द हॉटेस्ट’ लिहायला काय हरकत होती?

अनेरकाठ, चोपडा

भाऊ, प्रश्न उन्हाचा नसून व्याकरणाचा आहे. भुसावळच्या उन्हाबद्दल येथे कोणी वाद घालणार नाही.

धुळ्याचा_मास्तर

इंग्रजी शिकवण्यातच नोकरी संपली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रावेरकर यांचा नियम अर्धा खरा आहे. ‘हॉटर’मध्ये तुलना होऊन गेलेली असते, इथवर ते बरोबर आहेत. मात्र दुहेरी तुलना ही एका वाक्यात घडणारी गोष्ट नसून ती एकाच शब्दावर घडणारी गोष्ट आहे. वाक्यात ‘मोअर’ दिसला म्हणून रेघ ओढण्याआधी तो ‘मोअर’ कोणत्या शब्दाला टेकला आहे ते पाहावे लागते, आणि या पाच वाक्यांत नेमके तेच पाहिलेले नाही.

पहिल्या वाक्यातला ‘मोअर’ थेट ‘हॉटर’ला टेकला आहे. ‘मे’ आणि ‘एप्रिल’ यांच्यातला फरक ‘हॉटर’ या शब्दाने पूर्ण सांगितला आहे, त्यामुळे ‘मोअर’ला तेथे कामच उरत नाही. तो खोडा, वाक्य नीट उभे राहते. या वाक्यावरची रेघ योग्य आहे.

दुसऱ्या वाक्यातला ‘मच’ तुलना करत नाही. तुलना ‘हॉटर’ने केली आहे, ‘मच’ फक्त फरक किती मोठा आहे ते सांगतो. त्याच्या जागी ‘स्लाइटली’, ‘अ लिटल’, ‘फार’, ‘ईव्हन’ यांतला कोणताही शब्द घालून पाहावा, वाक्य चालते. उलट साध्या ‘हॉट’पुढे ‘मच’ लागत नाही, तेथे ‘व्हेरी हॉट’ म्हणावे लागते. आणि ‘हॉटर’पुढे ‘व्हेरी’ लागत नाही, तेथे ‘मच हॉटर’ म्हणावे लागते. या दोघांनी कामे अशी वाटून घेतली आहेत. म्हणून मच आणि व्हेरी यांना एकाच यादीत टाकल्यावर रावेरकर यांचा नियम चुकतो. ‘व्हेरी बेटर’ ही चूक आहे, ‘मच बेटर’ हे अस्सल इंग्रजी आहे, आणि सुपरलेटिव्ह आला की पुन्हा ‘द व्हेरी बेस्ट’ चालते, हा आणखी एक फाटा.

तिसरे वाक्य पाहून मात्र मला वाईट वाटले, कारण ही रचना आपल्या बोर्डाच्या मुलांना ‘डिग्री बदला’ या प्रश्नात मुद्दाम शिकवली जाते. ‘भुसावळ इज वन ऑफ द हॉटेस्ट टाउन्स’ याची कंपॅरेटिव्ह करताना ‘हॉटर दॅन मोस्ट अदर टाउन्स’ लिहितात आणि पॉझिटिव्ह करताना ‘व्हेरी फ्यू टाउन्स आर अ‍ॅज हॉट अ‍ॅज भुसावळ’ लिहितात. येथे ‘मोस्ट’ हा ‘टाउन्स’ला टेकला आहे आणि गावांपैकी बहुतेक एवढेच तो सांगतो. त्याच्या जागी ‘सम’ घातला तरी वाक्य टिकते, म्हणजेच त्याचा ‘हॉटर’शी संबंध नाही. गार्डसाहेबांना ‘द हॉटेस्ट’ हवे असेल तर कंपॅरेटिव्ह ‘हॉटर दॅन एनी अदर टाउन’ अशी होईल, पण मुलीने ‘वन ऑफ’ एवढाच दावा केला आहे आणि तो तिने अचूक केला आहे.

चौथ्या वाक्यात ‘लाँगर’ आणि ‘मोअर’ असे दोन कंपॅरेटिव्ह आहेत खरे, पण ते दोन वेगळ्या खुंट्यांवर टांगले आहेत. ‘लाँगर’ उन्हाळ्याबद्दल बोलतो, ‘मोअर’ पाण्याबद्दल. एक वाढले की दुसरे वाढते हे सांगणारी ही जोडरचना दोन तुलनांशिवाय उभीच राहू शकत नाही. मुलीने ‘द मोअर लाँगर द समर’ लिहिले असते तर चूक झाली असती.

पाचव्याबद्दल नंतर लिहितो, ते वाक्य थोडे अडचणीचे आहे.

रावेरकर

सर, ‘मच’चे मला पटले. परंतु मुलांना ‘टेकला आहे’ हे कसे दिसणार? आम्हाला शब्द लहान की मोठा एवढे तरी डोळ्यांना दिसत होते.

धुळ्याचा_मास्तर

मी वर्गात एक साधे काम करून घेत असे. ‘मोअर’वर बोट ठेवायचे आणि त्याच्या जागी ‘अ लॉट ऑफ’ घालून वाक्य मोठ्याने वाचायचे. ‘द बनानाज नीड अ लॉट ऑफ वॉटर’ वाचता येते, म्हणजे तो ‘मोअर’ पाण्याचा आहे आणि तो राहू द्यायचा. ‘मे इज अ लॉट ऑफ हॉटर’ वाचता येत नाही, म्हणजे तो ‘मोअर’ पुढच्या विशेषणाला लागला आहे. मग त्या विशेषणाकडे पाहायचे: त्याची तुलना आधीच झाली असेल तर ‘मोअर’ जातो, झाली नसेल तर, जसे ‘मोअर डिफिकल्ट’मध्ये, तो राहतो. क्रियाविशेषणालाही हेच लागू पडते. ‘शी रन्स मोअर फास्टर’मधला ‘मोअर’ याच कारणाने जातो.

आता ‘मोअर वर्स’कडे येतो, कारण तपासणाऱ्याच्या नजरेतून ते सुटले याचे मला मुळीच नवल वाटत नाही. अनियमित रूपांमध्ये तुलनेची खूण शब्दावर दिसत नाही. ‘हॉटर’मधला ‘अर’ सोलून काढला की खाली ‘हॉट’ मिळतो, त्यामुळे चूक पकडता येते. ‘वर्स’मध्ये सोलून काढण्यासारखे शेपूटच नाही. ‘बेटर’मध्ये शेपूट आहे, पण ते काढल्यावर हाती ‘गुड’ लागत नाही. म्हणून मुलाच्या मनात ‘बेटर’ म्हणजे चांगला आणि ‘वर्स’ म्हणजे वाईट असे साधे अर्थ बसतात. आपण मराठीत ‘जास्त चांगला’, ‘अधिक वाईट’ असेच बोलतो, आणि त्याच सवयीने तो ‘मोअर बेटर’, ‘मोअर वर्स’ असे लिहून मोकळा होतो. पाठ करून घेताना आपण ‘गुड, बेटर, बेस्ट’ ही तिन्ही रूपे एका दमात म्हणून घेतो, पण मधल्या रूपाने ‘दॅन’ ओढून आणलेले वाक्य त्याच वेळी म्हणून घेत नाही. म्हणून रावेरकर, समजावण्यासारखे काही नाही असे म्हणू नका. ‘बेटर दॅन’, ‘वर्स दॅन’, ‘लेस दॅन’ अशा जोडीने पाठ केल्यास तुलना होऊन गेल्याचे कानाला कळते.

आणि एक गंमत लक्षात आणून देतो. ‘मेनी’ आणि ‘मच’ या दोघांची कंपॅरेटिव्ह म्हणजे ‘मोअर’ आणि सुपरलेटिव्ह म्हणजे ‘मोस्ट’. म्हणजे ज्याला आपण तुलना करण्याचे साधन समजतो तो शब्द स्वतःच अनियमित रूपांच्या यादीतला आहे.

नंदुरबारची_माधुरी

मला हा धागा वेळेवर सापडला. माझ्या मुलाने नोकरीच्या मुलाखतीत ‘ही इज मोअर सीनियर दॅन मी’ असे म्हटले आणि समोरच्या साहेबांनी त्याला तेथेच अडवून ‘सीनियर हा कंपॅरेटिव्हच असतो, त्याला मोअर लागत नाही’ असे सुनावले. त्यानंतर तो इतका बावरला की पुढच्या प्रश्नांची उत्तरेही अडखळत दिली. तर ही डबल कंपॅरेटिव्हची चूक धरायची का?

रावेरकर

माधुरीताई, धरायचीच. सीनियर, ज्युनियर, सुपिरियर, इन्फिरियर, प्रायर यांच्यापुढे ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येतो, आणि ‘मोअर’ तर नाहीच नाही. हा नियम मी पैजेवर सांगतो.

धुळ्याचा_मास्तर

पैज लावू नका. हे शब्द लॅटिनमधून आले आणि लॅटिनमध्ये ते कंपॅरेटिव्ह होते, ही माहिती बरोबर आहे. दोन माणसांची सरळ तुलना असेल तेथे ‘ही इज सीनियर टू मी’ हेच आपल्या परीक्षेत आणि कार्यालयात लिहावे, हेही बरोबर. परंतु ‘सीनियर’ हा शब्द आता वरच्या पदावरचा अशा साध्या विशेषणासारखाही वापरला जातो, आणि ‘अ मोअर सीनियर ऑफिसर’ ही रचना चांगल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत नेहमी आढळते. ‘मोअर सुपिरियर’ला मात्र तशी मान्यता नाही. साहेबांनी मुलाला ‘टू’ची आठवण करून दिली असती तर ठीक होते, ‘मोअर’वरून त्याला असे अडवण्यासारखे काही नव्हते.

मेहरूणची_जाई

मास्तर, मी संस्कृत शिकले आहे म्हणून विचारते. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ यांतला ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ हे एकाच मुळाचे असल्याचे आम्हाला शिकवले होते. ‘श्रेष्ठ’ म्हणजेच सर्वांत चांगला, तरी आपण ‘श्रेष्ठतम’ लिहितो, ‘सर्वश्रेष्ठ’ लिहितो आणि आपल्याला कोणी लाल रेघ मारत नाही. मग इंग्रजांनीच एवढे सोवळे का पाळावे?

धुळ्याचा_मास्तर

तेही फार पूर्वीपासून पाळत नव्हते. जुन्या इंग्रजीत तुलना मुख्यतः शब्दाच्या शेवटी प्रत्यय लावूनच होत असे. ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ लावण्याची रीत त्यानंतर रुळली, आणि मग कित्येक शतके लोक दोन्ही एकत्र लावत होते. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये ब्रूटसच्या वाराबद्दल बोलताना अँटनी ‘द मोस्ट अनकाइंडेस्ट कट ऑफ ऑल’ म्हणतो, आणि ‘द टेम्पेस्ट’मध्ये प्रॉस्पेरोच्या तोंडी चक्क ‘मोअर बेटर’ आहे. त्या काळी याला कोणी अडाणीपणा म्हणत नव्हते, जोर देण्याची ती एक रीत होती. पुढे अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी या दुहेरी रूपांवर टीका केली. १७६२ मध्ये निघालेले रॉबर्ट लाउथ यांचे व्याकरण त्यात प्रमुख होते, आणि शाळांतून तोच दंडक पक्का झाला.

त्या चाळणीतून काही दाणे तरीही सुटले. ‘लेस’ हा आधीच कंपॅरेटिव्ह असताना त्यालाच ‘अर’ लावून ‘लेसर’ झाला, आणि आज ‘अ लेसर प्रॉब्लेम’ लिहिले तर कोणी हरकत घेत नाही. ‘वर्सर’ही असाच घडला होता आणि शेक्सपिअरने तो वापरला, पण तो प्रमाण भाषेत टिकला नाही. ‘निअर’ हा तर मुळात ‘नाय’ या शब्दाची कंपॅरेटिव्ह आणि ‘नेक्स्ट’ त्याची सुपरलेटिव्ह. ते नाते लोक विसरले, ‘निअर’ हा साधा शब्द झाला आणि त्यावर ‘निअरर’, ‘निअरेस्ट’ असा नवा मजला चढला. आपला मुलगा ‘बेटर’ला साधा शब्द समजून ‘मोअर’ लावतो तेव्हा त्याच्या मनात हीच क्रिया घडत असते. फरक एवढाच की ‘निअरर’ला सगळ्या समाजाने मान्यता दिली, ‘मोअर बेटर’ला दिली नाही. परीक्षेत मान्यता पाहतात, इतिहास नाही.

अनेरकाठ, चोपडा

सर, पाचवे वाक्य राहिले. ‘वी नीड मोअर बिगर ट्रीज’ला तुमची ‘अ लॉट ऑफ’ची युक्ती लावली तर ‘वी नीड अ लॉट ऑफ बिगर ट्रीज’ असे वाचता येते. म्हणजे ते बरोबर धरायचे का?

धुळ्याचा_मास्तर

म्हणूनच ते अडचणीचे आहे. या वाक्याचे दोन अर्थ निघतात. सध्याच्या झाडांपेक्षा मोठी झाडे हवीत आणि ती संख्येनेही जास्त हवीत, असे तिला म्हणायचे असेल तर ‘मोअर’ हा ‘ट्रीज’चा आहे, ‘बिगर’चा नाही, आणि व्याकरणात काहीच चूक नाही. नुसती मोठी झाडे हवीत असे म्हणायचे असेल तर ती ‘मोअर हॉटर’सारखीच चूक आहे. नुसत्या वाक्याकडे पाहून हा निवाडा होत नाही, मागचेपुढचे वाक्य पाहावे लागते. उताऱ्यात त्याच्या आधी काय आहे?

अनेरकाठ, चोपडा

त्याआधी तिने लिहिले आहे की रस्त्यावर तीनच झाडे आहेत आणि तीही लहान आहेत.

धुळ्याचा_मास्तर

मग मुलीच्या बाजूने निकाल द्यायला हवा. झाडे कमी आहेत आणि लहानही आहेत, या दोन्ही तक्रारींना तिने एकाच वाक्यात उत्तर दिले आहे. तरीही तिला ‘वी नीड मोअर ट्रीज, अँड बिगर वन्स’ असे लिहायला शिकवा. वाचणाऱ्याला थांबून विचार करावा लागत नाही, आणि तपासणाऱ्याचे लाल पेनही उचलले जात नाही.

रावेरकर

येथे मात्र मी सहमत नाही. ज्या वाक्याचा चुकीचा अर्थ इतक्या सहज निघतो त्याला पूर्ण गुण देणे म्हणजे पुढच्या मुलाला ‘मोअर बिगर’ लिहिण्याची सूट देणे होय. गठ्ठ्यातली पुढची उत्तरपत्रिका समोर असताना तपासणाऱ्याने प्रत्येक ‘मोअर’च्या मागचे वाक्य शोधत बसावे, ही अपेक्षा मला व्यवहार्य वाटत नाही. अर्धा गुण कापावा.

मेहरूणची_जाई

मागचे वाक्य त्याच पानावर, लागूनच आहे, रावेरकर भाऊ. ते शोधायला काहीच वेळ लागत नाही.

नंदुरबारची_माधुरी

मुलाला ‘टू’चे सांगितले. आता तो विचारतो की ‘आय प्रिफर टी मोअर दॅन कॉफी’ हेही त्याच माळेतले का?

धुळ्याचा_मास्तर

जवळपास तसेच. ‘प्रिफर’ या क्रियापदातच एकाला दुसऱ्याहून पसंती देणे आले, म्हणून ‘मोअर’ वाया जातो आणि ‘दॅन’च्या जागी ‘टू’ येतो: ‘आय प्रिफर टी टू कॉफी’. ‘मोअर’ वापरायचाच असेल तर ‘आय लाइक टी मोअर दॅन कॉफी’ म्हणावे.

अनेरकाठ, चोपडा

उत्तरपत्रिका उद्या परत शाळेत न्यायची आहे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यासाठी मुलीकडून अर्ज लिहून घेतला आहे आणि प्रत्येक वाक्यापुढे ‘मच’, ‘मोस्ट’, ‘मोअर’ कोणत्या शब्दाचे आहेत ते बाण काढून दाखवले आहे. ‘मोअर वर्स’ तिने स्वतःहून खोडून ‘मच वर्स’ केले. पाचव्या वाक्याचे काय करायचे हे तिच्यावरच सोडले होते. तिचे म्हणणे असे की अर्धा गुण कापला तरी चालेल, पण वाक्य बदलणार नाही.

भुसावळचा_गार्ड

अर्जात ‘मोस्ट अदर’ तसेच ठेवले आहे का?

अनेरकाठ, चोपडा

ठेवले आहे, भाऊ.